दृष्टीआड सृष्टी : घरून काम आणि हुकलेली बढती

गेल्या एप्रिल महिन्यातील एक संध्याकाळ. माझी मोठी बहीण आतल्या खोलीतून बाहेर आली, संगणक मिटून टेबलावर ठेवला आणि आईला म्हणाली, “यंदाही नाही.” आईने फक्त “बरं” म्हटले आणि चहाचे आधण ठेवले. त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हा सर्वांना ठाऊक होता. ताई पुण्यातील एका कंपनीत संगणक-प्रणालींच्या देखभालीचे काम करते. 2020 च्या टाळेबंदीत ती सांगलीस घरी आली. पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती येथेच राहिली. कंपनीने परवानगी दिली, पगार चालू राहिला, कामही वाढत गेले. फक्त बढती मात्र तिच्या दारावरून तीन वेळा पुढे निघून गेली.

बाबांचे म्हणणे असे, की डोळ्यांसमोर असतो त्यालाच साहेब ओळखतो, त्यात नवल ते काय? ताईचे म्हणणे असे, की कदाचित मीच कमी पडत असेन. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला वाटले, या दोहोंपैकी खरे कोणते हे ठरवण्याचा काही मार्ग असेल की नाही? त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही

प्रथमदर्शनी वाटते, की घरून काम करणारे किती व त्यांतील किती जणांना बढती मिळाली हे मोजावे, कचेरीत बसणाऱ्यांचेही तसेच मोजावे आणि ताळा करावा. पण यात एक मोठी गफलत आहे. घरून काम करण्याचे जे निवडतात ते मुळातच निराळे असू शकतात. कोणाचे मूल लहान असते, कोणाचे वडील आजारी असतात, कोणाला बढतीची हौसच नसते. अशा लोकांना बढत्या कमी मिळाल्या, तर तो घरी बसण्याचा परिणाम की त्यांच्या मूळ परिस्थितीचा, हे कसे कळावे?

यावर उपाय एकच. घरी कोणी बसावे हे माणसांच्या इच्छेवर न ठेवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मग दोन्ही गटांत हौशी, आळशी, हुशार, संसारी असे सर्व प्रकारचे लोक साधारण सारखेच वाटले जातात आणि नंतर जो फरक दिसेल तो जागेचाच मानता येतो. शेतकी संशोधनात दोन वाफ्यांना निरनिराळे खत देऊन पाहतात, त्यातलाच हा प्रकार. पण कोणती कंपनी आपली माणसे अशी चिठ्ठीवर वाटू देईल?

शांघायमधील पहिला प्रयोग

अशी कंपनी निघाली, ती चीनमधील शांघाय येथे. तिचे नाव सीट्रिप. विमानाची तिकिटे व हॉटेलातील खोल्या राखून देण्याचा तिचा व्यवसाय. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. तेथील प्राध्यापक निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हा प्रयोग आखला. तो डिसेंबर 2010 मध्ये सुरू होऊन नऊ महिने चालला. त्याचा वृत्तांत 2015 साली प्रसिद्ध झाला.

दूरध्वनीवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या सुमारे हजार कर्मचाऱ्यांना विचारण्यात आले, की चार दिवस घरून व एक दिवस कचेरीतून काम करण्याची तुमची तयारी आहे काय? जवळजवळ निम्म्यांनी होकार दिला. त्यांतून सहा महिन्यांची नोकरी झालेले, घरी स्वतंत्र खोली असलेले आणि चांगली इंटरनेट-जोडणी असलेले असे 249 जण पात्र ठरले. मग जन्मतारखेवरून वाटणी झाली. सम तारखेला जन्मलेले घरी बसले, विषम तारखेला जन्मलेले कचेरीतच राहिले. काम तेच, पाळी तीच, पगाराची पद्धत तीच आणि गटप्रमुखही तेच. एकाच गटप्रमुखाच्या हाताखाली काही माणसे समोर आणि काही माणसे घरी, अशी ती मांडणी होती. ताईच्या कचेरीतही नेमके हेच चित्र आहे.

निकाल आश्चर्यकारक लागला. घरून काम करणाऱ्यांचे काम सुमारे 13 टक्क्यांनी वाढले. त्यांतील मोठा वाटा, म्हणजे 9 टक्के, केवळ जास्त वेळ काम केल्यामुळे आला. त्यांच्या विश्रांतीच्या वेळा आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले 4 टक्के दर मिनिटाला जास्त फोन घेतल्यामुळे आले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तर निम्म्यावर आले. एवढे सगळे चांगले झाल्यावर बढत्याही जास्त मिळाल्या असतील, असे कोणीही म्हणेल. तसे झाले नाही. सारखेच काम करणाऱ्या दोघांची तुलना केली, तर घरी बसणाऱ्याला बढती मिळण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी भरले.

‘सारखेच काम करणाऱ्या’ या शब्दांत काय दडले आहे?

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाची मेख या शब्दांतच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीत शंभर माणसे घरी आणि शंभर कचेरीत आहेत. घरच्यांपैकी तीस जणांचे काम उत्तम आहे, कचेरीतल्यांपैकी वीस जणांचे. बढती फक्त उत्तम काम करणाऱ्यांनाच मिळते. कचेरीतल्या वीस जणांपैकी दहांना ती मिळाली. घरच्या तीस जणांपैकीही दहांनाच मिळाली.

आता साहेब छातीवर हात ठेवून म्हणू शकतात, “आमच्याकडे पक्षपात नाही. शंभरांत दहा इकडे आणि शंभरांत दहा तिकडे.” आकडा खोटा नाही. पण उत्तम काम करणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर कचेरीत त्याची संधी निम्मी आणि घरी ती केवळ एक तृतीयांश. घरच्यांनी जे जास्तीचे काम केले ते त्यांच्या पदरी पडलेच नाही. म्हणून एकूण बढत्या सारख्या आहेत एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सारख्या कामाला सारखी बढती मिळते काय, हेच विचारावे लागते.

यात आणखी एक खाच आहे. सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगात काम यंत्राने मोजले जात होते. किती फोन घेतले, किती आरक्षणे झाली, याची नोंद आपोआप होई. आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत काम मोजतो तो साहेबच, एक ते पाच गुण देऊन. दिसणे आणि न दिसणे याचा परिणाम जर त्या गुणांवरच झालेला असेल, तर ‘सारखे गुण असलेल्यांची’ तुलना करूनही अन्याय दिसणार नाही, कारण तो आधीच गुणांत मुरलेला असेल. सरकारी नोकरीतील गोपनीय अहवालाविषयी आपले वडीलधारे जी तक्रार करीत, तिचेच हे नवे रूप म्हणावे लागेल. सेवाज्येष्ठतेच्या नियमाला लोक कितीही नावे ठेवोत, पण कोण कोठे बसतो हे तो नियम पाहत नाही, एवढा गुण त्याच्या पदरी घालावाच लागेल.

असे का होते?

संशोधकांनी या घटीची तीन कारणे संभवनीय मानली. पहिले उघडच आहे : जो दिसत नाही तो आठवत नाही. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. गटप्रमुख होण्यासाठी फोन घेण्याचे कौशल्य पुरत नाही. भांडण मिटवणे, नवख्याला शिकवणे, वरिष्ठांचा कल ओळखणे ही कौशल्ये माणसांत वावरूनच येतात आणि घरी बसलेल्याला ती मिळवण्याची संधीच कमी मिळते. तिसरे कारण म्हणजे काहींना बढती नकोच असते, कारण ती घेतली तर पुन्हा रोज कचेरीत जावे लागते. ही तीन कारणे एकमेकांपासून निराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत. पहिल्यात दोष पाहणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात संधीचा. तिसऱ्यात दोष कोणाचाच नाही.

पहिल्या कारणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. किंबर्ली एल्सबाख, डॅनियल केबल व जेफ्री शेरमन या अभ्यासकांनी 2010 साली एक गोष्ट दाखवून दिली. माणूस काय काम करतो आहे हे मुळीच माहीत नसताना, तो नुसता जागेवर दिसला एवढ्यावरूनही पाहणारा त्याच्या स्वभावाविषयी मत बनवतो. नेहमीच्या वेळेत जागेवर दिसणारा ‘भरवशाचा’ आणि ‘जबाबदार’ वाटतो. वेळ संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी दिसणारा ‘निष्ठावान’ आणि ‘वाहून घेतलेला’ वाटतो. विशेष म्हणजे हे अनुमान नकळत होते. साहेब मुद्दाम पक्षपात करीत नाही. आपण न्यायच करीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणूनच ‘तुम्ही पक्षपात करता’ असे म्हटल्यावर तो दुखावतो आणि गोष्ट तेथेच संपते.

ताईची हकीकत

आता हे सारे एका माणसाच्या बाबतीत कसे घडते ते पाहू. ताईच्या कंपनीत वर्षाअखेर प्रत्येक जण आपल्या कामाचा अर्ज भरतो. मॅनेजर त्यावर गुण देतो. मग एका खात्याचे सर्व मॅनेजर एका खोलीत बसतात. जागा मोजक्या असतात आणि नावे जास्त. प्रत्येक जण आपल्या माणसाची बाजू मांडतो. निर्णय होतो तो या बैठकीत. भरलेले अर्ज तेथे असतात, पण अर्ध्या दिवसात तीस-चाळीस नावे संपवायची असल्याने ते कोणी उलगडून वाचत नाही. ज्याच्याविषयी दोन वाक्ये चटकन सुचतात आणि ज्याचे नाव ऐकून इतर मॅनेजरही ‘हो, हो, तो चांगला आहे’ असे म्हणतात, त्याचे नाव पुढे सरकते. म्हणजे केवळ आपल्या साहेबाने ओळखून भागत नाही, शेजारच्या खात्याच्या साहेबांनीही चेहरा पाहिलेला असावा लागतो. तो चेहरा दिसतो चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर.

गेल्या वर्षी एके रात्री एका मोठ्या गिऱ्हाइकाची प्रणाली बंद पडली. ताई रात्री अकरापासून पहाटे तीनपर्यंत संगणकापुढे बसून होती. बिघाड तिने शोधला, दुरुस्तही तिनेच केला. तिच्याच दर्जाचा, तिच्याइतकेच गुण असलेला तिचा एक सहकारी सकाळी नऊला कचेरीत पोहोचला. वरचे साहेब घाईघाईने आले आणि काय झाले म्हणून त्यांनी समोर दिसलेल्या माणसाला विचारले. त्याने फळ्यावर आकृती काढून सर्व नीट समजावून सांगितले. त्याने ताईचे नावही घेतले, लबाडी मुळीच केली नाही. पण साहेबांच्या मनावर चित्र ठसले ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे. एप्रिलमध्ये एक जागा होती, ती त्याला मिळाली. मॅनेजरने ताईला फोनवर सांगितले, “काम तुम्हा दोघांचंही उत्तम आहे. पण तो लीडर वाटतो.” त्या ‘वाटतो’ या एका शब्दात वरचे सारे संशोधन आले.

मी ताईला म्हटले, आपण हिशेब करू. तिच्या दर्जाचे आणि गेल्या तीन वर्षांत साधारण सारखे गुण मिळालेले अकरा जण तिला ठाऊक होते. त्यांत सहा कचेरीत बसणारे, पाच घरून काम करणारे. कचेरीतल्या सहांपैकी चौघांना बढती मिळाली होती, घरच्या पाचांपैकी एकाला. मी आनंदाने ओरडलोच, “सापडला पुरावा!” पण संख्याशास्त्राच्या आमच्या सरांनी तो कागद पाहून मान हलवली. त्यांनी हिशेब करून दाखवला. अकरा जणांत पाच बढत्या निव्वळ चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तरी घरच्या पाच जणांना एक किंवा शून्य बढती मिळण्याची शक्यता सहांत जवळजवळ एक एवढी असते. म्हणजे फाशाचे एखादे विशिष्ट दान पडावे इतकी सहज घडणारी ही गोष्ट आहे. लहान कचेरीत एकट्यादुकट्याला आपल्यावरील अन्याय आकड्यांनी सिद्ध करता येत नाही, हे कटू सत्य मला त्या दिवशी कळले. हा हिशेब शेकडो माणसांवर मांडावा लागतो आणि तो कागद असतो फक्त कंपनीकडे.

दुसरा प्रयोग आणि निराळा निकाल

येथेच थांबलो असतो, तर घरून काम म्हणजे बढतीवर पाणी सोडणे असा निष्कर्ष निघाला असता. पण त्याच कंपनीत, आता ट्रिप डॉट कॉम या नावाने, 2021-22 मध्ये आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत 2024 साली प्रसिद्ध झाला. या वेळी 1612 कर्मचारी होते : अभियंते, विक्री-प्रसाराचे व हिशेबाचे काम करणारे पदवीधर. पुन्हा जन्मतारखेवरून वाटणी झाली. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार असे दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, दुसरा गट पाचही दिवस कचेरीत राहिला. सहा महिन्यांच्या या प्रयोगानंतर पुढे दोन वर्षांपर्यंतच्या नोंदी तपासल्या. कामाच्या मूल्यमापनात फरक नाही, बढत्यांतही फरक नाही. नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले.

मग पहिल्या वेळी बढत्या घटल्या आणि दुसऱ्या वेळी घटल्या नाहीत, याचे कारण काय? डोळ्यांत भरणारा फरक दिवसांचा आहे. आठवड्यातील चार दिवस अदृश्य असणे आणि दोन दिवस अदृश्य असणे यांत महदंतर आहे. तीन दिवस कचेरीत असणाऱ्याला टपरी, लिफ्ट आणि फळा हे तिन्ही भेटतात. दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. या कंपनीत दर सहा महिन्यांनी विस्तृत मूल्यमापन होते आणि त्यात केवळ साहेबाचे नव्हे, तर सहकाऱ्यांचे आणि हाताखालच्यांचेही मत घेतले जाते. पहाटे तीनपर्यंत कोण जागले हे साहेबाला ठाऊक नसले, तरी सहकाऱ्यांना ठाऊक असते. अर्थात दोन्ही प्रयोगांत कामाचा प्रकारही निराळा होता, त्यामुळे यांतील नेमक्या कोणत्या कारणाचा वाटा किती हे या दोन निकालांवरून वेगळे काढता येत नाही. पण एवढे म्हणता येते, की बढती हुकणे ही घरून काम करण्याची अटळ शिक्षा नाही. ती किती दिवस घरून काम केले आणि मूल्यमापन कसे झाले यांवर अवलंबून असते.

आणि नेमका येथेच ताईसारख्यांचा पेच आहे. आठवड्यात तीन दिवस सांगलीहून पुण्यास जाणे शक्य असते, तर तिने ते केव्हाच केले असते. ज्यांना घरून काम करण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच तीन दिवसांचा मध्यममार्ग सर्वांत कमी उपलब्ध असतो. बाबांना दिवसातून चार वेळा उठवून बसवावे लागते. हे काम दूरध्वनीवरून होत नाही.

पुढे काय?

ताईने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींचे पत्र : या आठवड्यात काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, किती वेळ लागला, गिऱ्हाइकाचे काय वाचले. त्यात कौतुक नाही, नुसत्या तारखा आणि तास. बैठकीत मॅनेजरला जी दोन वाक्ये सुचावी लागतात, ती तिने लिहूनच देऊन ठेवली. दुसरे म्हणजे बढतीसाठी नेमके काय लागते ते तिने लेखी मागितले. बराच काळ उत्तर आले नाही. शेवटी आले त्यात सहा मुद्दे होते. त्यांतील पाच तिने पूर्ण केले होते. सहावा होता ‘नव्या माणसांना तयार करणे’. तो वाचून ती बराच वेळ गप्प बसली. नवी माणसे कचेरीत बसतात, आणि शेजारी बसलेल्यालाच विचारतात. संशोधकांचे दुसरे कारण तिच्यापुढे कागदावर उभे राहिले होते. आता तिने दोन नवख्यांना रोज अर्धा तास फोनवर शिकवण्याचे काम मागून घेतले आहे.

याचा उपयोग होईल काय? ते पुढच्या एप्रिलमध्ये कळेल. आम्हा विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या अशाच नोकऱ्यांत शिरणार आहेत. मुलाखतीत पगार आणि रजा विचारण्याची आपल्याला सवय आहे. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत असे मला सुचवावेसे वाटते. बढतीची नावे कोण ठरवतो आणि त्यासमोर त्या वेळी कोणता कागद असतो? आणि गेल्या वर्षी घरून काम करणाऱ्या किती जणांना बढती मिळाली? पहिल्याचे उत्तर ‘साहेबच ठरवतात’ असे आले आणि दुसऱ्याला उत्तरच मिळाले नाही, तर तेथे काय चालते याची कल्पना आपल्याला सही करण्यापूर्वीच येईल.

बाबा मात्र अजूनही म्हणतात, “मी आडवा पडलो म्हणून पोरीचं नुकसान झालं.” ताई त्यांची उशी सारखी करते आणि म्हणते, “बाबा, नुकसान तुमच्यामुळे नाही. मला कोणी पाहिलं नाही, एवढंच.” आणि पुन्हा आतल्या खोलीत जाऊन ती संगणक उघडते.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)